बेरजेला हरकत

तिचं वय अठ्ठावन्न, तरी घरात तिला धाकटीच म्हणत. म्हणणारी एकच होती, तिची मोठी बहीण. लग्न दोघींपैकी कोणीच केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे एकेक करून वारले, आणि मग तो विषयच संपला.

धाकटी एका मोठ्या लाँड्रीत काउंटरवर बसे. एकतीस वर्षं तिने तेच केलं: शर्ट इतके, चादरी इतक्या, कोट एक, खाली रेघ, खाली बेरीज. ओठही न हलवता ती पावतीवरून नजर खाली नेई आणि तळाशी पोचेपर्यंत आकडा तयार असे. मशीन आलं तरी मालकीणबाई मशीनने काढलेली पावती तिच्यापुढे सरकवत आणि म्हणत, "एकदा नजर टाका हो." दुसऱ्याची चूक सापडली की तिला बरं वाटे. हा काही मोठा गुण नव्हे, पण ज्या बाईला आयुष्यात फारसं कोणी शाबास म्हटलं नाही, तिने एवढा आनंद चोरून घेतला तर आपण नावं का ठेवावी?

घरचे व्यवहार मात्र ताईकडे. खोलीचं बिल ताई आणे, ताई वाचे, ताई भरे आणि दाराआडच्या तारेला टोचून ठेवी. खोली तळमजल्यावर, मोठी, दोन खिडक्यांची. अठरा वर्षं दोघी तिथे राहत होत्या.

मग ताई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी घातली, हाड जुळलं, तर छातीत कफ झाला. पंधरा दिवसांचं हॉस्पिटल दोन महिन्यांवर गेलं. डॉक्टर म्हणाले, "घरी जातील, वॉकर घेऊन चालतील. पण जिना विसरा. एक पायरी म्हणजे एक पायरी चढायची नाही." धाकटी म्हणाली, "आमची खोली खालीच आहे." डॉक्टर म्हणाले, "मग काळजी नाही." हे एक वाक्य ती रोज संध्याकाळी हॉस्पिटलातून परतताना आठवायची. तिच्याजवळ तेवढाच आधार होता.

त्या महिन्याचं बिल दाराच्या फटीतून आत आलेलं तिला सकाळी कामावर निघताना दिसलं. बिलं लिहीत ते मालकांच्या ऑफिसातले म्हातारे कारकून. सगळे भाडेकरू त्यांना बिलकाका म्हणत. अक्षर कसं, तर मोत्यांचा सर. एका पायात चप्पल, दुसरी हातात, अशी धाकटी उभी राहिली आणि सवयीने तिची नजर वरून खाली गेली.

भाडं बत्तीसशे. पाणी, एक माणूस, दीडशे. जिन्याचा दिवा साठ. झाडलोट नव्वद. कचरा पन्नास. एकूण सदतीसशे.

सदतीसशे? होतात साडेपस्तीसशे! चक्क दीडशे जास्त! तिच्या अंगात वीज शिरली. औषधांपायी एकेक पैसा मोजायचा आणि इथे फुकटचे दीडशे उपटतात? तिने चप्पल खाली टाकली, लाँड्रीच्या कोऱ्या पावतीच्या पाठीवर नव्हे, चांगल्या रेघी कागदावर पत्र लिहायला बसली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कामावर उशिरा गेली.

"मा. मालक यांस, स. न. वि. वि. चालू महिन्याच्या बिलात पाच रकमा वेगवेगळ्या दाखवल्या आहेत, त्या अशा: भाडे ३२००, पाणी (एक माणूस) १५०, जिन्याचा दिवा ६०, झाडलोट ९०, कचरा ५०. या पाचही रकमा मला मान्य आहेत. त्यांची बेरीज ३५५० होते. बिलात ३७०० लिहिले आहे. म्हणजे १५० जास्त आहेत. माझी हरकत फक्त बेरजेला आहे. तरी बिल दुरुस्त करून द्यावे."

खाली सही, तारीख. एक प्रत स्वतःजवळ. ऑफिसात बिलकाका जागेवर नव्हते, म्हणून पत्र थेट मालकांच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळी ताईला सगळं रंगवून सांगितलं. ताईचा श्वास अजून तोकडा होता.

"दीडशे?" ताई म्हणाली. "काकांची बेरीज कधी चुकत नाही गं. अठरा वर्षांत नाही चुकली."

"म्हातारे झालेत. चुकली आता."

"बिल आणायचंस. मी बघितलं असतं."

"मी बघितलं ना! तू झोप."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मालकांनी आभार मानले होते. बेरीज चुकली होती, साडेपस्तीसशेच घेतले जातील. आणि पुढे: आपण स्वतःच लेखी मान्य केल्याप्रमाणे खोलीत एक माणूस राहतो. खालच्या मोठ्या खोल्या दोन किंवा अधिक माणसांसाठी आहेत, हा नियम करारात आहे. तरी येत्या एक तारखेपासून आपल्याला वरच्या मजल्यावरची एकट्याची खोली देण्यात येत आहे. भाडेही कमी पडेल.

धाकटीने ते पत्र दोनदा वाचलं आणि मग बिल काढलं. पाणी, एक माणूस. ती ओळ तिने वाचली होती. वाचली होती म्हणजे काय, दीडशे एवढंच उचललं होतं. शर्ट कोणाचा, चादर कोणाची, हे काउंटरवरच्या बाईने कधी बघायचं नसतं. आकडा उचलायचा आणि खाली जायचं. तिने तसंच केलं आणि वर लिहून दिलं, मान्य आहे! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रागाने, लाजेने तिचे कान तापले.

ती तशीच ऑफिसात गेली. मालक टेबलाशी होते, कोपऱ्यात बिलकाका खाली मान घालून लिहीत होते.

"आम्ही दोघी आहोत," ती म्हणाली. "ताई हॉस्पिटलात आहे. येणार आहे ती."

मालक काही राक्षस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाई, येतील तेव्हा येतील. देवाने लवकर आणावं त्यांना. पण वरच्या खोलीत चार माणसं दाटीवाटीने राहतात, दोन लहान पोरं आहेत. ते वर्षभर खोली मागतायत. मी थांबवून ठेवलं होतं. पण आता तुमचंच पत्र आहे." त्यांनी तिचा रेघी कागद पुढे केला. "तुमचीच सही ना ही?"

"मी बेरजेबद्दल लिहिलं होतं."

"'पाचही रकमा मला मान्य आहेत.' हे कोणी लिहिलं?"

तिने कागद परत सरकवला. मालकांनी मग कोपऱ्याकडे वळून आवाज चढवला. "आणि तुम्ही काका! पाच आकड्यांची बेरीज जमेना? भाडेकरूंनी आम्हाला शिकवायची? डोळे गेले असतील तर सांगा, दुसरा माणूस बघतो."

"चुकलो," बिलकाका म्हणाले. मान वर केली नाही.

ती बाहेर आली, तर ते मागोमाग जिन्याखाली आले. हातात उगाच झारी, झाडांना पाणी घालायचं निमित्त.

"बाई, पत्र माझ्या हातात द्यायचंत हो."

"तुम्ही जागेवर नव्हता. आणि काका, चूक तुमची. मी—"

"चूक नव्हती." ते हळू बोलत होते. "मालक म्हणाले, त्या खोलीचा एक माणूस कमी करा. त्यांच्यासमोर ओळ बदलली, त्यांची सही घेतली. बेरीज मी नेहमी शेवटी भरतो. ती जुनीच टाकली. माणसांचं रजिस्टर मी जमा रकमेवरून लिहितो. सदतीसशे जमा म्हणजे दोन माणसं. मालक दर सहा महिन्यांनी रजिस्टर उघडतात, त्यात एक माणूस दिसला की मगच खोली बदलतात; बिलं कोण बघतो? तोवर ताई घरी आल्या असत्या. तुमचे ते दीडशे मी नंतर पाण्याच्या हिशेबात वळते केले असते."

धाकटी म्हणाली, "मला सांगायचंत."

"दोनदा आलो दारावर. तुम्ही लाँड्रीत, नाहीतर हॉस्पिटलात. चिठ्ठी लिहावी, तर ती कोणाच्या हाती पडेल?" त्यांनी एका कोरड्या कुंडीत पाणी ओतलं. "वाटलं, दमलेल्या बाईला बेरीज करायची फुरसत कुठली. तुमचा धंदाच तो, हे डोक्यात आलं नाही."

या माणसावर ती रागावणार कशी? आणि आत जाऊन खरं सांगणार तरी कशी? 'बेरीज बरोबर होती, ओळ खोटी होती,' एवढं म्हटलं की तिची खोली वाचली नसती ती नसतीच, पण काकांची नोकरी मात्र त्याच दुपारी गेली असती. तिने दुसरं पत्र लिहिलं. त्यात एवढंच: आम्ही दोघी आहोत, पाण्याचे दोन माणसांचे तीनशे घ्यावेत, बेरीज सदतीसशे करावी. मालकांनी ते वाचून परत दिलं. "एकदा असं, एकदा तसं. मी कुठल्या सहीवर विश्वास ठेवू?"

एक तारखेला हमालाने चार फेऱ्यांत सामान वर नेलं. ताईचा पलंग वळणावर अडला, मग त्याचे पाय काढावे लागले. वरच्या खोलीत तो उघडून मांडायला जागा नव्हती, म्हणून भिंतीला उभा टेकवून ठेवला. खालच्या खोलीत पोरं धावत होती. त्यांचा तरी काय दोष? धाकटी खिडकीशी बसून रडली, अगदी आवाज काढून रडली, कारण वर ऐकायला कोणी नव्हतं.

नवीन बिल आलं ते दुसऱ्याच अक्षरात. किरटं, घाईचं. बिलकाकांना मालकांनी 'विश्रांती' दिली होती, असं जिन्यात कळलं. ती त्यांच्या घरी जाणार होती, पण काय तोंड घेऊन जाणार? अजून गेलेली नाही.

हॉस्पिटलात ताई उशीला टेकून बसली होती. कफ सुटला होता. पुढच्या आठवड्यात घरी सोडू, असं सकाळीच डॉक्टर सांगून गेले होते. "बिल आणलंस?" तिने आल्याआल्या विचारलं. खोलीला रंग लावतायत, काही दिवस थांबावं लागेल, असं धाकटीने वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण ताईने हात पुढे केला, तसा तिने पर्स उघडून कागद दिला. आयुष्यभर त्या हाताला ती नाही म्हणाली नव्हती.

ताईने चष्मा लावला. एकेक ओळ बोटाने वाचली. भाडं चोवीसशे. पाणी, एक माणूस, दीडशे. जिन्याचा दिवा साठ. झाडलोट नव्वद. कचरा पन्नास. एकूण साडेसत्तावीसशे. बोट परत वर गेलं, खोलीच्या नंबरावर थांबलं, मग 'एक माणूस' वर थांबलं. मग कागदाची नीट घडी घालून तिने तो परत दिला.

"बेरीज बरोबर आहे," ती म्हणाली.

धाकटीने कागद पर्समध्ये ठेवला.

"पायऱ्या किती?"

"चोवीस."

"नीट मोजल्यास?"

"दोनदा."