राखाडी व्हेअर

धाटावच्या ज्या रासायनिक कंपनीत मी संगणक विभागात आहे, तिथेच माझे वडील कामगार आहेत. त्यांना दमा आहे. कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना क्लोरीन विभागात जायला मनाई केलीय आणि ती मनाई कामगारांच्या तक्त्यात नोंदलेली असते. दुपारच्या शिफ्टला कोण कुठे जाणार, हे दोन वाजता त्या तक्त्यावरून आपोआप ठरतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी अकरा जणांची मनाई उठवली होती. त्यासाठी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, सरावाच्या डेटाबेसवर चालवून पाहिली, अगदी बरोबर चालली. मग माझी जुनी खोड: ओळी नीटनेटक्या करत बसलो. पुन्हा न चालवताच पावणेदोनला ती ताईंकडे तपासायला पाठवली. ताई म्हणजे विभागातल्या सगळ्यांत जुन्या, रोह्याच्या. त्यांच्या होकाराशिवाय खऱ्या डेटाबेसवर काहीच चालत नाही.

ताई सावकाश वाचत होत्या. माझा जीव घड्याळात. दोनदा सांगून झालं की सरावात चाललंय, डॉक्टरांचा फोन येऊन गेलाय. त्यांनी मानही वर केली नाही. मला मनापासून राग आला. चार ओळी वाचायला किती वेळ लागतो माणसाला?

मग त्यांनी विचारलं, किती नोंदी बदलणार? अकरा, मी म्हणालो.

"नाय. सगळ्या बदलतील. हा व्हेअर राखाडी का दिसतोय, बघ."

मी बघितलं. कोणत्या नोंदी बदलायच्या ती अट व्हेअरमध्ये असते, आणि डेटाबेस जे वाचणार नाही ते पडद्यावर राखाडी दिसतं. नोंदी बदलणाऱ्या 'अपडेट'च्या ओळीत पुढे दोन आडव्या रेघा देऊन मी मराठीत टीप लिहिली होती, 'फक्त डॉक्टरांच्या यादीतले'. नीटनेटकेपणाच्या नादात खालची व्हेअरची ओळ तिलाच जोडली गेली. त्या रेघांनंतरचं ओळीतलं काहीही डेटाबेस वाचत नाही. आज्ञा संपवणारा अर्धविराम त्याखालच्या ओळीवर होता, त्यामुळे वाक्य पूर्ण होतं आणि चूकही दाखवली गेली नसती. सगळ्या कामगारांची मनाई गुपचूप उठली असती. वडिलांचीही.

ताई ओरडल्या नाहीत. व्हेअर पुन्हा वेगळ्या ओळीवर घ्यायला लावला, आणि स्क्रिप्ट चालवल्यावर, बदल कायम करण्याआधी, किती नोंदी बदलल्या तो आकडा मोठ्याने वाचायला सांगितला. अकरा, मी म्हणालो. मगच त्यांनी बदल कायम करू दिला. दोनला सहा मिनिटं होती.

अडीचला पेणहून कंपनीची बस आली. वडील फलकावर आपलं नाव शोधत होते.

"परत पॅकिंगच हाय. माझी मनाई कधी उठवणार तुम्ही लोक?"

क्लोरीन विभागात भत्ता जास्त, म्हणून हे ते नेहमी विचारतात आणि मी हसून डॉक्टरांवर ढकलतो. त्या दिवशी मी म्हणालो, "ती उठायची नाही. परत विचारू नका." आवाज चढलाच. ते डबा घेऊन निघून गेले. मुलगा ऑफिसात बसायला लागल्यापासून डाफरतो, असं संध्याकाळी चहाच्या सुट्टीत ते आईला फोनवर म्हणाले; आईनेच मला सांगितलं. मी तसंच समजू दिलं.