लाल शिक्क्याचं बक्षीसपत्र

कोर्टाच्या आवारात, जिन्याखालच्या कोपऱ्यात टकटकनाना बसत. खरं नाव कुणालाच आठवत नव्हतं. तीस वर्षं टाइपरायटर बडवला, पुढे मुलीने संगणक घेऊन दिला, पण बोटं तशीच आपटत राहिली. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेली एक पेटी, एवढाच संसार. माणूस तोंडाने फटकळ, पण कागदात काना-मात्रेची चूक सापडणार नाही.

लोक येऊन म्हणाले, "नाना, एक ॲफिडेव्हिट करून द्या, घर नावावर करायचंय," की नानांचा पारा चढायचा.

"अहो, ॲफिडेव्हिट म्हणजे तुम्ही शपथेवर सांगितलेली गोष्ट! शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकाच माणसाचं आहे, हे सांगायला ते चालतं. त्याने घर इकडचं तिकडे होत नाही. आणि नोटरीसाहेब काय करतात? समोर बसून सही केली तो माणूस तुम्हीच, एवढं बघतात आणि शिक्का मारतात. घर द्यायचं असेल तर वर जा, दुसऱ्या मजल्यावर. दस्त नोंदवा."

ऐकणारे हसायचे. "नाना म्हणजे फुकटचा वकील," म्हणायचे. पण नाना एवढं तोडून का बोलतात, ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांची ती जीभ जुनी नव्हती. ती एका मार्चमध्ये फुटली, आणि त्याच्याआधी नऊ वर्षं ती गप्प बसली होती.

त्या मार्चच्या नऊ वर्षं आधी घड्याळदुरुस्ती करणारा एक म्हातारा आला होता. सोबत मुलगी, शिवणकाम करणारी. नवऱ्याने टाकल्यावर बापाकडे परत आलेली. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत तिची मशीन. घर म्हाताऱ्याने स्वतः घेतलेलं.

"घर हिला द्यायचं," म्हातारा म्हणाला. "मुलगा परगावी आहे, त्याचं बरं चाललंय. लिहा, आणि नोटरी करून टाका. माझे गुडघे बघा, तो जिना माझ्याच्याने चढवत नाही."

नानांना माहीत होतं. घराचं बक्षीसपत्र नोंदवल्याशिवाय लागू होत नाही. जिना चढता येत नसेल तर अर्ज केला की अधिकारी घरी येऊन सही घेतो. हेही माहीत होतं. पण दुपारचे दोन वाजत आलेले, टेबलावर सात कागद पडलेले, म्हातारा तर घाईला आलेला. आणि या धंद्यात एक नियमच होता: गिऱ्हाईक सांगेल ते टाइप करायचं, अक्कल शिकवायची नाही, शिकवली की वकील मंडळी डोळे वटारतात.

नानांनी टाइप केलं. म्हाताऱ्याने सही केली, शेजारच्या औषधवाल्याने आणि कंपाउंडरने साक्षीदार म्हणून केली, नोटरीसाहेबांनी लाल शिक्का मारला. मुलगी त्या शिक्क्याकडे बघून रडली. म्हणाली, "आता मला कुणी हलवू शकणार नाही, नाही का हो?"

नाना म्हणाले, "जा, सुखाने राहा."

ते वाक्य त्यांच्या छातीत मग रुतूनच बसलं.

त्या मार्चमध्ये ती पुन्हा आली. केस पिकलेले, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. बाप जाऊन महिना झाला होता. नगरपालिकेत गेली तर कारकुनाने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "बाई, नोंदणी कुठंय?"

"नोंदणी नाही म्हणजे कागद खोटा का, नाना?"

"खोटा नाही गं. तुझ्या बापाने सही केली, ते खरं. पण घर त्याच्याच नावावर राहिलं. आता तुझं आणि दादाचं, अर्धं अर्धं."

"मग आता नोंदवा ना."

"सहीपासून चार महिन्यांत न्यायचा असतो. दंड भरून आणखी चार. नऊ वर्षं झाली."

तिने आजूबाजूला बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मृत्युपत्राला म्हणे शिक्का लागत नाही, नोंदणीही लागत नाही. साधा कागद चालतो."

"चालतो. दोन साक्षीदारांसमोर सही असली म्हणजे झालं."

हे सांगतानाच नानांना उमगलं: म्हाताऱ्याने त्याच दिवशी साध्या कागदावर 'माझ्यामागे घर मुलीचं' एवढं लिहिलं असतं, तर त्याच दोन साक्षीदारांवर हे घर वाचलं असतं.

"औषधवाले काका आहेत, कंपाउंडरही आहे. तुम्ही जुन्या तारखेचं लिहून द्या. सही मी बघते."

"पोरी! मेलेल्या बापाची सही? तुरुंगात जाशील. साक्षीदारही जातील."

"खोटं नको म्हणता. मग तेव्हा गप्प राहिलात, ते काय होतं?"

नानांची मान खाली गेली. म्हणाले, "माझं चुकलं. मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचा कंटाळा केला मी."

दुसऱ्या दिवशी दादाला बोलावलं. रस्ता एकच उरला होता: त्याने हक्कसोडपत्र करायचं आणि ते वर जाऊन नोंदवायचं. नानांनी रात्र जागून स्वतःचं प्रतिज्ञापत्र तयार केलं होतं. म्हातारा आपल्यासमोर काय बोलला, आपण काय सांगायचं टाळलं, सगळं शपथेवर. नोटरीसाहेबांसमोर सही करून ते दादापुढे ठेवलं.

दादाने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "लिहिलंय छान. पण नाना, प्रतिज्ञापत्राने घर फिरत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

"बापाचा शब्द तरी आहे ना तो?"

"शब्द त्याचा, कर्ज माझं. नऊ वर्षं ही राहिलीच की. मला अर्धं हवंय, घर विकायचंय. वारसनोंदीला प्रतिज्ञापत्र लागतं, ते आत्ताच टाइप करा."

नानांना वाटलं, उठावं आणि याला जिन्यावरून ढकलावं. पण खोटं त्याने काहीच मागितलं नव्हतं. बोटं आपटायला लागली: मयताला दोन वारस, एक मुलगा, एक मुलगी, यांच्याशिवाय अन्य वारस नाही. सवयीने त्यांनी कागद मोठ्याने वाचून दाखवला. शेवटची ओळ आली, "वरील मजकूर खरा आहे."

"खरा आहे?" तिने नानांना विचारलं. दादाकडे बघितलंही नाही.

"हो," नाना म्हणाले. "यातला प्रत्येक शब्द खरा आहे."

नोटरीसाहेबांसमोर दादाने सही केली, मग तिने. अक्षर शिवणीसारखं बारीक आणि सरळ. शिक्का बसला तसा दादा कागद घेऊन निघून गेला. ती मात्र नानांच्या टेबलापाशी थांबली. पिशवीतून ते जुनं बक्षीसपत्र काढलं, घडी नीट केली आणि टेबलावर ठेवलं.

"हे तुमच्याकडे ठेवा."

"अगं, बापाची आठवण आहे तुझ्या."

"बाबांची आठवण माझ्याकडे आहे. हा कागद तुमचा आहे, नाना."

ती निघून गेली. पुढच्या महिन्यात मशीन हातगाडीवर चढवून कुठे भाड्याच्या खोलीत गेली म्हणतात.

कागद अजून पेटीत आहे. कुणी म्हातारं माणूस येऊन म्हणालं, "नोटरी करून टाका हो, जिना चढवत नाही," की नाना आधी तो काढून त्याच्यासमोर ठेवतात. शिक्का अजून तसाच लालभडक आहे.