फोटोनंतरची ताई

माझ्या थोरल्या बहिणीचा फोटो कामोठ्याच्या नाक्यावर फ्लेक्सवर लागला, तेव्हा आमच्या माहेरी जासईत आनंदीआनंद झाला होता. आमच्याकडे फ्लेक्स लागतो तो पुढाऱ्यांचा किंवा वाढदिवसाच्या पोरांचा. घरच्या बाईचा लागलेला कोणी पाहिला नव्हता. डावीकडे गाऊनमधली जाडी ताई, उजवीकडे काळ्या कुर्त्यातली सडसडीत ताई, मधे मोठा बाण आणि खाली ‘फक्त तीन महिन्यांत’.

वजन उतरवून देणारं ते केंद्र म्हणजे एका इमारतीतला तळमजल्यावरचा फ्लॅट. सकाळी बायका जमायच्या, पावडरीचं शेक प्यायच्या, टाळ्या वाजवायच्या. ताई दोन वेळा शेक आणि एकदा उकडलेल्या भाज्या खायची. भाताचं नाव नाही. भात पिकवणाऱ्या आगऱ्याच्या घरात जन्मलेली बाई भाताशिवाय जगते म्हणजे काय, हे मला विचारा. ती आमच्याकडे जेवायला आली की मी मुद्दाम तांदळाच्या भाकऱ्या झाकून ठेवायचे.

दोन्ही फोटो काढले तेव्हा मी तिथे होते. पहिल्या दिवशी केंद्रवाल्या मॅडमनी तिला ट्यूबलाइटखाली सरळ उभं केलं. खांदे सैल सोडा, पोट सोडा, हसू नका, असं सांगितलं. ताई नुकतीच जेवलेली. मी म्हटलं, “ताई, पोलीस ठाण्यातला फोटो वाटतोय.” ती हसली म्हणून मॅडमना परत काढावा लागला.

तीन महिन्यांनी ट्यूबलाइटची जागा सोडून खिडकीजवळ उभं केलं. आदल्या दिवशी मीठ अगदी कमी, पाणीही घोटघोटच प्यायला सांगितलं होतं. सकाळी उपाशीपोटी बोलावलं. केस सेट करून घेतलेले, लिपस्टिक, टाचेचे सँडल. “जरा तिरक्या उभ्या राहा, पोट आत, श्वास धरा.” ताईने श्वास धरला, फोटो निघाला, आणि तिने श्वास सोडल्याबरोबर पोट पुन्हा जागेवर आलं. आम्ही दोघी खूप हसलो. वजन उतरलं नव्हतं असं नाही. बरंच उतरलं होतं. पण फोटोत जेवढं दिसत होतं तेवढं नव्हतं, आणि त्यातलं किती टिकणार हे फोटोत दिसण्यासारखं नव्हतं.

फोटो फेसबुकवर गेला, तिथून आमच्या वहिनीने घरच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. उरणपासून तळोज्यापर्यंत नातेवाइकांनी तो पाहिला. दोन चुलत बहिणींनी तर तो बघूनच केंद्रात पैसे भरले. ताई फोनवर सगळ्यांना उत्साहाने सांगायची. मीही कौतुक केलं. तेव्हा ते कौतुकच वाटत होतं.

मग शेक परवडेनासे झाले आणि खरं सांगायचं तर गिळवेनासे झाले. ताई घरचं जेवायला लागली. जास्त नाही, चारचौघांसारखंच. वर्षभरात वजन परत आलं आणि वर थोडं जास्तच आलं. मी तिला पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीला भराभर उतरतं त्यात पाण्याचा भाग मोठा असतो, आणि इतकं कमी खाऊन कोणालाच कायम राहता येत नाही. वजन हळूहळू उतरतं, मधेच थांबतं, थोडं वाढतं, यात तुमचा गुन्हा काही नाही. ताईने मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाली, “गुन्हा नाही तर मग सगळ्यांचं कसं होतं गं?” सगळ्यांचं होत नव्हतं. ज्यांचं झालं नाही त्यांचे फोटो कोणी लावत नव्हतं, एवढंच. मी हे तिला चिडून सांगितलं. चिडून सांगितलेलं तिला कधीच पटत नाही.

फ्लेक्स मात्र तसाच होता. ती भाजीला लांबच्या सेक्टरमधून फिरून जायला लागली. आणि माहेरी जायची बंद झाली.

कामोठे ते जासई अंतर ते काय! पण कधी गुडघा दुखायचा, कधी मुलांची परीक्षा, कधी कंटेनरच्या गाड्यांनी रस्ता अडलेला. खरं कारण मला माहीत होतं. पैसे भरलेल्या त्या चुलत बहिणी माहेरच्या शेजारीच राहत होत्या, आणि गावातल्या बायका फोटोतल्या ताईची वाट बघत होत्या. “मी फसवलं असं वाटेल त्यांना,” असं ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, फसवलं तुला, तू कोणाला फसवलंस?

आई तेव्हा खाटेवर होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती उठली नव्हती. ताई तिला रोज व्हिडिओ कॉल करायची, पण फोन असा वर धरायची की नुसते डोळे नि कपाळ दिसावं. मी माहेरी गेले की आईच्या शेजारी बसलेली असायचे. आई ओरडायची, “कपालच दावतंस गो! तोंड कुठं हाय तुजा?” आम्ही हसायचो, ताई पलीकडून हसायची, आणि फोन तिथेच राहायचा.

एका दुपारी आईने मला जवळ बोलावलं. मोतीबिंदूमुळे तिला माणसं आता धूसर दिसत होती. म्हणाली, “तिला सांग, मला आता काय पन धड दिसत नाय. जाडी हाय का बारीक हाय, मला कलनारच नाय. नुसती येऊन बस म्हनावं.”

आईला सगळं ठाऊक होतं तर. मी बाहेर येऊन ताईला जसंच्या तसं सांगितलं. ती फोनवर खूप रडली. मग म्हणाली, “गणपतीला येते. तोवर चार-पाच किलो तरी उतरवते.” मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. तिने पुन्हा भात सोडला होता.

गणपती यायच्या आधीच आई गेली. सकाळी वहिनी चहा घेऊन गेली तर आई उठलीच नाही.

ताई रिक्षातून उतरली तेव्हा ओटीवर बायका भरलेल्या होत्या. तिने अंगभर ओढणी गुंडाळली होती, त्या उकाड्यात. ती खाली मान घालून आत आली आणि कोणाच्या नजरेला नजर न देता आईच्या पायाशी बसली. चुलत बहिणींपैकी एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी दारात उभी होते आणि माझ्या मनात तिच्याबद्दल रागही होता नि माया पण, दोन्ही एकदमच.

आईची धाकटी बहीण, तिला ‘बाय’ म्हणणारी आमची मावशी, सरकत सरकत ताईजवळ गेली. तिने ओढणी बाजूला केली, ताईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

“त्या फोटूत मी तुला वलखलीच नवती गो,” मावशी म्हणाली. “आता वलखली. तू त माजे बायसारखीच हायस.”

ताईने आईकडे पाहिलं. आईची भरलेली हनुवटी, रुंद खांदे, चादरीखालचं ते मोठं अंग. मग मावशीचे हात तसेच गालावर धरून तिने विचारलं, “मावशी, तिने मला बघून काहीच म्हटलं नसतं ना गं?”