दुपारी बारानंतर

दोन ओळींचा ईमेल ज्याला धड जमला नाही, त्याने आठवणी लिहायला बसावं हे मलाच अवघड वाटतं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सांभाळून घ्या.

ब्रह्मपुरीला होस्टेलवर माझा खोलीमित्र आणि मी, दोघांनी वनोपजावर काम करणाऱ्या एका संस्थेत उन्हाळ्यापुरतं मदतनीस होण्यासाठी अर्ज केला होता. जागा एकच. मोहफुलं वेचणाऱ्या बायांची एक बैठक आपापल्या गावात जमवून दाखवायची होती. संस्थेच्या बाई सगळं ईमेलवरच विचारायच्या.

मी प्रत्येक उत्तर "आपणास सविनय कळविण्यात येते की" असं सुरू करायचो. मित्राचे वडील मास्तर. त्याला बाईंनी विचारलं, बैठक कुठे? त्याने खाली लिहिलं, "समाजमंदिरात." बस्स. बाईंचं उत्तर आलं, "छान, सुटसुटीत." मला असं कधीच आलं नव्हतं. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

मग मीही सुटसुटीत व्हायचं ठरवलं. बाईंचे मला दोन मेल आले होते: बाया कधी भेटतील, आणि त्यांना घेऊन येणारी जीप ऑफिसातून कधी निघावी? मी नवाच मेल उघडला, विषयाची जागा कोरी ठेवली आणि लिहिलं, "दुपारी बारानंतर." पाठवताना मित्राकडे चोरून पाहिलंसुद्धा.

आमच्याकडे बाया पहाटे रानात जातात, बाराला परततात आणि जेमतेम तीनपर्यंतच मोकळ्या असतात. पण जीपच बारानंतर निघाली आणि वाट तीन तासांची. पोचली तेव्हा एकही बाई बसायला रिकामी नव्हती. संस्थेच्या बाई चहा पिऊन परत गेल्या.

मित्राने माझा मेल पाहिला.

"बारानंतर काय? बाया भेटतीन का जीप निघन?"

"तू बी त एकच शब्द लिवला होता."

"त्यायच्या सवालाखाली लिवला, बावा. अर्धी गोष्ट त्यायनंच लिवली होती. तू नवा मेल धाडला, त्यात पुरं लिवा लागते."

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मी पुन्हा मेल केला: "बाया दुपारी बारानंतर भेटतात. त्यासाठी जीप सकाळी नऊला निघायला हवी होती. माझ्या अपुऱ्या उत्तरामुळे आपली फेरी वाया गेली." बाईंनी दुसरी तारीख दिली. बैठक झाली, बाया भरपूर बोलल्या. मला आशा वाटू लागली. मित्र शिट्टी वाजवत फिरायचा तेव्हा त्याची निवड होऊ नये असंही मनात यायचं.

बरेच दिवस काही कळेना, तेव्हा मीच विचारलं, "आमच्यापैकी कोणाची निवड झाली?"

संध्याकाळी माझ्या प्रश्नाखालीच उत्तर आलं. त्यात क्रियापद नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

"तुमच्या मित्राची."