सहाशे किलोमीटर

एकोडीचा केवळराम बारावीला भंडाऱ्यात खोली करून राहायचा. फिजिक्समध्ये तो कायम पहिला. १९८२ साली जवाहरनगरहून दारूगोळा फॅक्टरीच्या बसने येणारी गुलाब त्याच्या वर्गात आली, आणि गणित घातलं की सर उत्तरासाठी तिच्याकडे पाहू लागले. केवळरामला ते सहन होईना.

असाइनमेंटमध्ये गणित होतं: जमिनीपासून सहाशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा वेग आणि आवर्तकाळ काढा. गुलाबने पडताळायला आपली वही त्याला दिली. तिने सूत्रात अंतर म्हणून नुसते सहाशेच घातले होते, पृथ्वीची त्रिज्या मिळवलीच नव्हती. वेग आला होता सेकंदाला जवळपास सव्वीस किलोमीटर, आवर्तकाळ जेमतेम अडीच मिनिटं. केवळरामच्या वहीत अंतर सात हजार, वेग ७.५६ आणि वेळ सत्त्याण्णव मिनिटं होती.

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. मनात फार गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी वह्या जमा करण्याआधी गुलाब धावतच आली. "केवळराम, अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून घ्या लागते! पृथ्वीचा घेरच चाळीस हजार, आन माहा उपग्रह पावणेचार हजारातच फेरी मारून राहिला होता. तूही तसंच केलं असशील तर सुधरव, वेळ आहे."

"माहं बरोबर आहे," तो कसाबसा म्हणाला.

"मंग काल काहून नाही सांगितलं?"

दोघांनाही पूर्ण गुण मिळाले. गुलाबने मात्र त्याला पुन्हा कधी वही दाखवली नाही.