सभापतींची चिठ्ठी

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी पंचायत समितीत हातपंप दुरुस्तीचा मेकॅनिक होतो. एक जीप, तीन मदतनीस आणि तालुकाभरचे पंप. गावोगावच्या तक्रारी पोस्टकार्डानं यायच्या, बाबू त्या रजिस्टरात क्रमानं लिहायचा आणि आमचे उपअभियंता साहेब रोज सकाळी त्यातूनच गावं नेमून द्यायचे. कागदावर व्यवस्था अशी होती.

प्रत्यक्षात चपरासी माझ्या हातात थेट चिठ्ठ्या आणून द्यायचा. कधी सभापतींची, कधी बीडीओ साहेबांच्या बंगल्यावरची. "आज आमच्या गावचा पंप पाहून घेणे." मी ती खिशात घालायचो आणि जीप तिकडे वळवायचो. उपअभियंत्यांना सांगत नव्हतो. मला भीती वाटायची म्हणून, असं मी पुढे लोकांना सांगायचो. ते अर्धंच खरं होतं. एवढी मोठी माणसं मला नावानं ओळखतात, हे मला आवडायचं.

त्या उन्हाळ्यात आंजीच्या बाजूच्या एका गावातली बाई ऑफिसात आली. साठीची असेल. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतून तापत्या रस्त्यानं चालत आली होती.

"भाऊ, तीन पोस्टकार्डं टाकले आमी. पंप मारू मारू हात दुखले, पानीच येत नाई. दुसरा पंप नाई आमच्या वस्तीत."

मी रजिस्टर पाहिलं. त्यांचाच नंबर पहिला होता.

"उद्या येतो, मावशी. नक्की."

दुसऱ्या दिवशी सामान जीपमध्ये भरत असताना चपरासी आला. सभापतींच्या गावचा पंप "जड चालतो" असं चिठ्ठीत लिहिलं होतं. मी तिकडे गेलो. पंपाची साखळी कोरडी पडली होती, ग्रीस लावून तास-दीड तासात काम झालं. पंपाशेजारीच सभापतींची बांधलेली विहीर होती, भरपूर पाण्याची. जेवणाचा आग्रह झाला. जेवून उठेपर्यंत दिवस कलला होता, आणि परतल्यावर ऑफिसात मी चिठ्ठीचं काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी शनिवारची अर्धी सुट्टी होती, मग रविवार.

सोमवारी वस्तीवर पोचलो तर मावशी दारात बसलेली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला.

"काय झालं, मावशी?"

"काई नाई भाऊ. शनिवारी पानी आनाले शेतातल्या विहिरीवर गेलती. पायऱ्या निसरड्या होत्या." मग तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "तुमी काऊन नाई आले शुक्रवारी?"

"गाडी बंद पडली होती," मी म्हणालो.

"हो, मशीनच हाय ते," ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारली, "यायले पानी दे वं."

सून माठातून पेले भरून घेऊन आली. माठ तळाशी गेला होता, तो तिरपा करावा लागला हे मी पाहिलं. मदतनीस प्यायले. मी पेला हातात धरून उभा राहिलो आणि शेवटी प्यालो, कारण नाकारणं आणखी वाईट दिसलं असतं. आम्ही पाइप वर ओढले, खालच्या सिलिंडरातले फाटलेले चामड्याचे वायसर बदलले. दुपारपर्यंत पाणी आलं. बायांनी हंडे भरले. मी सामान गोळा करत राहिलो, मावशीकडे पाहिलं नाही.

पुढची चिठ्ठी आठवड्यानं आली, पुन्हा सभापतींचीच. या वेळी मी ती उपअभियंत्यांच्या टेबलावर ठेवली आणि आधीचंही सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं.

"अरे, मले कधी सांगितलं का तू? कोनाले मागं टाकलं ते मले ठाऊक नाई, अन् रजिस्टरवर सही माझी."

त्यांनी चिठ्ठी रजिस्टरात चढवायला लावली, नंबर आला तो आला. ज्या वस्तीत दुसरं पाणीच नाही ती आधी, मग बाकी तारखेनं, असं ठरलं. वरच्या लोकांशी बोलणं त्यांनी स्वतःकडे घेतलं. मला एवढंच शिकवलं: "नाई म्हनू नको. 'नोंद करतो, साहेब, नंबर उपअभियंता साहेब सांगतील' म्हन."

सभापतींनी मला रस्त्यात अडवून विचारलं, "काय हो, आता लय मोठे झाले का?" मी तेच वाक्य म्हटलं. ते चिडले, पण माझ्यावर काही आलं नाही, साहेबांनी अंगावर घेतलं.

पुढं वर्षभरात त्या वस्तीवर मी दोनदा कामाला गेलो. दोन्ही वेळा खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. दुसऱ्या खेपेला मावशीनं मुठीची पकड अजून नीट येत नाही म्हणून दाखवलं, आणि मी म्हणालो, तेल लावत जा.