कागदावरचा म्हादू

रामनगरात नवरा गेल्यावर त्याचं फ्लेक्सचं दुकान चालवायचं म्हणजे इंदुबाईंना दिवसभर संगणकाशीच बोलावं लागे. मुलगी लांब, शेजारी आपापल्या व्यापात. त्यात एका आरोग्य संस्थेचं सर्पदंशाचं पोस्टर छापायला आलं. 'हा मांत्रिकाकडे गेला आणि जिवानिशी गेला' असा मजकूर, वर एक चेहरा हवा. खऱ्या माणसाचा फोटो नको म्हणून बाईंनी एआयकडून एक म्हातारा शेतकरी करून घेतला.

चेहरा कुणाचा निघू नये म्हणून त्यांनी तो फोटो शोधणाऱ्या दोन संकेतस्थळांवर टाकून तसेच चेहरे नेटवर शोधले. काही सापडलं नाही. दुसरा कुणी असता तर छापून मोकळा झाला असता, पण बाई पक्क्या संशयी. रानातल्या वाड्यांतली माणसं नेटवर असतात थोडीच! त्यांनी मजकुराशिवाय नुसता चेहरा छापला आणि कुंभारवाड्याच्या बसचा कंडक्टर नागराज याच्या हाती दिला. त्या वाटेवरचं तोंड न् तोंड त्याला पाठ.

"ह्यो म्हादू की, अक्का!" तो लगेच म्हणाला. "टोकाच्या घरात एकटाच हाय."

बाई पुढच्या बसनं निघाल्या. म्हादू अंगणात बसला होता. बाईंनी कागद त्याच्या तोंडाशेजारी धरून पाहिला. कान वेगळा, बाकी हुबेहूब.

"मामा, ह्यो तुमचा फोटो न्हाई. मशीननं मनानंच काढलाय. पर बघनारा तुमीच हाय म्हनंल."

"खाली काय लिवनार?"

बाईंनी खरं ते सांगितलं. म्हादूनं कागद हातात घेऊन निरखला.

"छापा की मग."

"अवो, तुमी मेला म्हनून गावभर हुईल!"

"व्हय. पोरगा गोव्याला हाय. जित्या बापाकडं येत न्हाई. मेलो म्हनून तरी येईल."

म्हादूची परवानगी हातात होती, पण तिचं काय करायचं? जिवंत माणसाला मेला म्हणून टांगायचं, तेही असल्या आशेवर! त्या नाही म्हणाल्या. कागद मात्र त्यानं मागून घेतला. घरात दुसरं कुणी नाही, म्हणाला.

दुकानात येऊन त्यांनी तो चेहरा पुसून टाकला. पोस्टरवर चेहराच ठेवला नाही. सूज आलेलं पाऊल चितारलं आणि कोपऱ्यात 'चित्र काल्पनिक' लिहिलं. संस्थेला ते पसंत पडलं.

पुढच्या आठवड्यात नागराज दुकानात डोकावला.

"अक्का, म्हादू इचारतोय, छापलं काय?"

"न्हाई म्हन."

"सांगतो. रोज बस थांबवून इचारतोय बगा."